छायाचित्रातील पोषण-तक्त्यावरून एका वाढणीचे कोष्टक

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर, गंगापूर, पैठण इत्यादी तालुक्यांत बाजरी हे खरिपाचे जुने व ओळखीचे पीक होय. या बाजरीची भाकरीच व्हावयाची, अशी एके काळी समजूत होती. आता बाजरीची बिस्किटे, शेव, लाडू असे पदार्थ करून विकण्याचा उद्योग महिला बचत गट अंगावर घेऊ लागले आहेत. असा उद्योग आरंभण्यापूर्वी बाजारात तत्सम जो माल आहे त्यात काय काय व किती आहे, हे पाहणे ओघानेच येते. ही माहिती वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली असते. दुकानात उभे राहून ती वाचणे व उतरवून घेणे शक्य नसल्याने मोबाइलवर तिचे छायाचित्र घेतले जाते व घरी आल्यावर त्यावरून वही भरली जाते. चुका होतात त्या बहुधा येथेच, आणि त्या हिशेबात फार मोठ्या ठरतात.

समजा, गंगापूर तालुक्यातील एका बचत गटाच्या दोघी सदस्या शहरात गुलमंडीच्या बाजारात आल्या आणि तेथील एका दुकानात बाजरीच्या बिस्किटांचा एक पुडा त्यांनी पाहिला. पुड्याचे निव्वळ वजन १५० ग्रॅम. मागील बाजूच्या तक्त्याचे त्यांनी घाईने एक छायाचित्र घेतले. घरी येऊन वहीत जी नोंद केली ती अशी: चार बिस्किटांत साखर २२ ग्रॅम, प्रथिने ७२ ग्रॅम, सोडियम ८१० मिलिग्रॅम. या तिन्ही नोंदी चुकीच्या होत्या, आणि तिन्हींच्या चुकीचे कारण वेगवेगळे होते. या नोंदीवर विसंबून गटाने आपल्या बिस्किटांतील साखर व मीठ ठरविले असते, तर इतरांच्या मालापेक्षा आपला माल पुष्कळच सौम्य आहे असा खोटा समज त्यांनी करून घेतला असता आणि गिऱ्हाइकालाही तोच सांगितला असता. ज्याला वैद्यांनी मीठ बेताने खाण्यास सांगितले आहे, असा मनुष्य अशाच सांगण्यावर विश्वास ठेवून पुडा घरी नेतो. पुढील विवेचनात हे उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. त्यातील आकडे रीत समजावी म्हणून घेतलेले असून ते कोणत्याही विशिष्ट कारखान्याच्या मालाचे नाहीत.

दोन रकाने, दोन मापे

भारतात वेष्टनावरील पोषणविषयक माहिती अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, २०२० या नियमांनुसार छापली जाते. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्ध पदार्थ, संपृक्त स्निग्ध पदार्थ, ट्रान्स स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल व सोडियम या बाबी त्यात येतात. ही प्रमाणे सर्वसाधारणपणे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर पदार्थात किती, अशी दिलेली असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असतो. दिवसभरात माणसाने जितके घ्यावे अशी शिफारस आहे, त्याचा किती टक्के हिस्सा एका वेळच्या खाण्यातून मिळतो, हे त्यात सांगितलेले असते. वेष्टनावर ज्याला ‘सर्व्ह’ अथवा ‘सर्व्हिंग’ म्हणतात, त्याला या लेखात वाढणी म्हटले आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. पहिला रकाना १०० ग्रॅमचा असतो आणि त्याला लागून असलेला टक्क्यांचा रकाना एका वाढणीचा असतो. एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले हे दोन आकडे दोन निरनिराळ्या वजनांविषयी बोलत असतात. वाचणाऱ्याची नजर साहजिकच त्यांना एकत्र जोडते. गटाच्या वहीत चार बिस्किटांत २२ ग्रॅम साखर आली ती याच कारणाने. २२ हा आकडा १०० ग्रॅम बिस्किटांतील एकूण साखरेचा होता. चार बिस्किटांचे वजन ३० ग्रॅम. म्हणजे त्यांतील साखर ६.६ ग्रॅम.

म्हणून कोष्टक मांडताना कोणताही पोषक घटक लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी वहीच्या माथ्यावर लिहून ठेवाव्यात: एका वाढणीचे वजन, पुड्यातील वाढण्यांची संख्या आणि निव्वळ वजन. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याच्या जवळपास यावयास हवा. प्रस्तुत पुड्यात ३० ग्रॅमच्या ५ वाढण्या होतात व निव्वळ वजन १५० ग्रॅम आहे, हिशेब जुळला. तो जुळला नाही तर वाढणीचे वजन चुकीचे वाचले गेले आहे असे समजावे, कारण पुढील प्रत्येक आकडा या एका वजनाने गुणला जाणार आहे. वाढणीच्या वजनाची ही ओळ पुष्कळदा तक्त्याच्या चौकटीत नसते. ती तक्त्याखाली तारकेच्या खुणेने अथवा घटक पदार्थांच्या यादीशेजारी छापलेली आढळते व छायाचित्रात येण्याचे राहून जाते. ती हाती नसेल तर टक्क्यांचा रकाना जवळजवळ निरुपयोगी होतो.

छायाचित्र कसे घ्यावे

बिस्किटांच्या पुड्यात हवा भरलेली असल्याने त्याची पाठ फुगीर असते. कागद चकचकीत असतो व शिवणीजवळ त्याला चुण्या पडतात. फुगीर पाठीवर उजवीकडील रकाना वळून जातो आणि ओळी खालीवर सरकल्यासारख्या दिसतात. मोबाइलचा दिवा लावून छायाचित्र घेतल्यास चकाकीचा पांढरा डाग नेमका अंकांवर पडतो व दशांशचिन्हासारखी बारीक खूण त्यात बुडून जाते. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पुडा विकत घेणे, रिकामा झाल्यावर शिवणीने उकलणे व फळीवर सपाट ताणून चारी कोपऱ्यांवर वजने ठेवणे. छायाचित्र दाराच्या अथवा खिडकीच्या उजेडात, उजेड एका बाजूने येईल असे घ्यावे. मोबाइल कागदाला समांतर धरावा. तिरपा धरल्यास तक्त्याची एक बाजू अस्पष्ट येते.

छायाचित्रे तीन घ्यावीत. पहिल्यात संपूर्ण पाठ यावी, दुसऱ्यात केवळ तक्ता यावा आणि तिसऱ्यात निव्वळ वजन, वाढणीची ओळ व उत्पादनाचा दिनांक यावा. दिनांक हवा, कारण कारखानदार कृतीत बदल करतात व त्याबरोबर तक्ताही बदलतो. सहा महिन्यांनी घेतलेल्या दुसऱ्या पुड्याशी वहीतील आकडे जुळले नाहीत, तर चूक आपली की माल बदलला, हे त्यावरून कळते.

छायाचित्रातील अक्षरे आपोआप उतरवून देण्याची सोय अलीकडील मोबाइलमध्ये असते. तिचा उपयोग अवश्य करावा, मात्र तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. ग्रॅमसाठी छापलेले इंग्रजी अक्षर ती कधी कधी नऊ या अंकासारखे वाचते, त्यामुळे ६.६ ग्रॅमचे ६.६९ होते. रकान्यांची सांगड तिच्याकडून कित्येकदा तुटते, आणि एका ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीच्या नावापुढे जाऊन बसतो. उतरलेला प्रत्येक आकडा छायाचित्र मोठे करून एकदा डोळ्यांनी पडताळावा. एकीने छायाचित्रावरून मोठ्याने वाचावे व दुसरीने वहीत बोट ठेवून पाहावे, ही जुनी पद्धत येथे चांगली उपयोगी पडते.

प्रथम नक्कल, मग हिशेब

छायाचित्रावरून सरळ वाढणीचे आकडे काढावयास बसू नये. आधी तक्ता जसा आहे तसाच, त्याच्याच क्रमाने उतरवून घ्यावा. घटकाचे नाव, आकडा व परिमाण यांसाठी तीन वेगळे रकाने करावेत. सोडियम व कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये असतात, बाकीचे ग्रॅममध्ये, व ऊर्जा किलोकॅलरीमध्ये. परिमाण आकड्यालाच चिकटवून लिहिल्यास हजारपटीची चूक होण्यास वेळ लागत नाही.

तक्त्यात काही नावे किंचित आत सरकवून छापलेली असतात. कर्बोदकांखाली एकूण साखर, तिच्याखाली वरून घातलेली साखर. तसेच एकूण स्निग्ध पदार्थांखाली संपृक्त व ट्रान्स. आत सरकविणे म्हणजे ‘यांपैकी’ असा अर्थ होय. नक्कल करताना ही सरक वहीतही ठेवावी. ती न ठेवल्याने साखर कर्बोदकांत मिळवून बेरीज करण्याची चूक सर्रास होते. वस्तुतः ती कर्बोदकांतच मोजलेली असते.

जो आकडा वाचता येत नाही तेथे ‘अवाच्य’ असे लिहावे. जी बाब तक्त्यात छापलेलीच नाही तेथे ‘दिलेले नाही’ असे लिहावे. शून्य फक्त तेथेच लिहावे जेथे वेष्टनावर शून्य छापलेले आहे. या तीन गोष्टी वहीत एकसारख्या दिसल्या, तर ज्या पुड्यावर सोडियम वाचताच आला नाही तो पुडा सर्वांत कमी मिठाचा ठरेल.

संगणकावर अथवा मोबाइलवर एक्सेलसारख्या तक्त्यात हा हिशेब करावयाचा असल्यास याच कारणासाठी काळजी घ्यावी लागते, कारण रिकाम्या घराला यंत्र शून्य समजते. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात १०० ग्रॅममधील आकडा, तिसऱ्यात परिमाण, चौथ्यात एका वाढणीतील प्रमाण, पाचव्यात दिवसाचे प्रमाण व सहाव्यात टक्के, अशी मांडणी करून वाढणीचे वजन `H1` या घरात एकदाच लिहावे. आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत. अवाच्य घर रिकामे ठेवून तसा शेरा बाजूस लिहावा. मग चौथ्या व सहाव्या रकान्यांत अनुक्रमे पुढील सूत्रे घालून ती खाली ओढावीत:

```
=IF(B2="","",B2*$H$1/100)
=IF(OR(D2="",E2=""),"",ROUND(D2/E2*100,0))
```

टक्के काढताना वाढणीतील प्रमाण आधी पूर्णांकात आणू नये. प्रथम पूर्ण हिशेब, मग पूर्णांक.

दिवसाचे प्रमाण कोणते धरावे

टक्के हे कशाचे टक्के आहेत, हे ठरल्याखेरीज त्यांना अर्थ नाही. भारतीय वेष्टनांसाठी सरासरी प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज नियमांत ठरवून दिली आहे: ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, संपृक्त २२ ग्रॅम, ट्रान्स २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम व सोडियम २००० मिलिग्रॅम. हा सोडियम म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. यांपैकी ऊर्जा सोडली तर बाकीचे आकडे ‘इतके मिळावेच’ या अर्थाचे नसून ‘याहून अधिक होऊ नये’ या अर्थाने पाहावयाचे आहेत. प्रथिने, कर्बोदके व एकूण साखर यांच्यासाठी या यादीत आकडा नाही. म्हणून कोष्टकात त्यांच्यापुढे टक्के न लिहिता आडवी रेघ ओढावी.

परदेशातील नातलगांनी पाठविलेल्या अमेरिकन पुड्यांवर मांडणी वेगळी असते. तेथे प्रमाणेही एका वाढणीचीच दिलेली असतात व दिवसाचे आकडेही भिन्न आहेत: स्निग्ध पदार्थ ७८ ग्रॅम, संपृक्त २० ग्रॅम, सोडियम २३०० मिलिग्रॅम. त्यामुळे ६.६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आपल्या हिशेबाने १० टक्के भरतात, अमेरिकन हिशेबाने ८. तेव्हा दोन देशांच्या पुड्यांची तुलना करताना छापील टक्के न घेता प्रमाणे घ्यावीत व टक्के आपल्या आकड्यांनी नव्याने काढावेत.

प्रस्तुत पुड्याचे शुद्ध कोष्टक पुढीलप्रमाणे होईल. वाढणी ३० ग्रॅम, म्हणजे ४ बिस्किटे. पुड्यात ५ वाढण्या.

| घटक | १०० ग्रॅममध्ये | एका वाढणीत | दिवसाच्या प्रमाणाचे टक्के |
|---|---|---|---|
| ऊर्जा, किलोकॅलरी | ४८७ | १४६.१ | ७ |
| प्रथिने, ग्रॅम | ७.२ | २.१६ | – |
| कर्बोदके, ग्रॅम | ६५.० | १९.५ | – |
| यांपैकी एकूण साखर, ग्रॅम | २२.० | ६.६ | – |
| त्यापैकी वरून घातलेली, ग्रॅम | २०.५ | ६.१५ | १२ |
| एकूण स्निग्ध पदार्थ, ग्रॅम | २२.० | ६.६ | १० |
| यांपैकी संपृक्त, ग्रॅम | १०.० | ३.० | १४ |
| यांपैकी ट्रान्स, ग्रॅम | ०.१ | ०.०३ | २ |
| कोलेस्टेरॉल, मिलिग्रॅम | ० | ० | – |
| सोडियम, मिलिग्रॅम | ३१० | ९३ | ५ |

चूक कशी पकडावी

गटाच्या वहीत प्रथिने ७२ व सोडियम ८१० असे आले होते. हे आकडे चुकीचे आहेत हे दुसरे छायाचित्र न घेताही कळू शकते, कारण तक्त्यातील आकडे एकमेकांशी बांधलेले असतात.

पहिली परीक्षा अगदी साधी आहे. १०० ग्रॅम पदार्थात प्रथिने, कर्बोदके व स्निग्ध पदार्थ यांची बेरीज १०० ग्रॅमहून अधिक होऊच शकत नाही. वहीतील बेरीज ७२, ६५ व २२ मिळून १५९ झाली. म्हणजे या तिहींपैकी एक तरी आकडा चुकला आहे.

कोणता चुकला हे दुसरी परीक्षा सांगते. एक ग्रॅम प्रथिनांपासून ४ किलोकॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४ व एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, असे धरून तक्त्यातील ऊर्जा काढलेली असते. वहीतील आकड्यांवरून २८८, २६० व १९८ मिळून ७४६ किलोकॅलरी होतात; वेष्टनावर मात्र ४८७ छापले आहेत. वाढावा २५९ किलोकॅलरींचा. हा वाढावा प्रथिनांचा असल्यास २५९ भागिले ४, म्हणजे सुमारे ६४.८ ग्रॅम प्रथिने अधिक लिहिली गेली असली पाहिजेत. दशांशचिन्ह गळाले की आकडा दसपट होतो, म्हणजेच खऱ्या आकड्याच्या नऊपट अधिक भरतो. ६४.८ ला ९ ने भागल्यास ७.२ येतात. ७२ मधून ६४.८ वजा केल्यासही ७.२ च उरतात. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले, तेव्हा चकाकीत बुडालेले चिन्ह ७ व २ यांच्यामध्ये होते याविषयी शंका राहत नाही. ७.२ घेऊन पुन्हा बेरीज केली असता ४८६.८ येतात व छापील ४८७ शी ते जुळतात.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. कित्येक कारखानदार कर्बोदकांत तंतुमय भागही धरतात. तंतूंपासून ऊर्जा कमी, ग्रॅमला सुमारे २ किलोकॅलरी धरली जाते. बाजरीच्या धान्यात तंतू १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम असतात, म्हणून बाजरीच्या पदार्थांत आपली बेरीज छापील ऊर्जेपेक्षा दहा-वीस किलोकॅलरींनी अधिक येणे शक्य आहे. एवढ्या फरकाने घाबरून आकडे बदलू नयेत. चुकीच्या वाचनाने पडणारा फरक बहुधा याहून कितीतरी मोठा असतो.

सोडियमला मात्र ऊर्जेची परीक्षा लागू पडत नाही, कारण त्यापासून ऊर्जा मिळतच नाही. तेथे साक्ष घ्यावयाची ती टक्क्यांच्या रकान्याची. वेष्टनावर सोडियमपुढे ५ टक्के छापले होते. वहीतील ८१० खरे मानल्यास ३० ग्रॅममध्ये २४३ मिलिग्रॅम, म्हणजे १२ टक्के भरतात. तेव्हा ८१० टिकत नाही. आता उलट दिशेने जावे. पूर्णांकात ५ टक्के छापले आहेत, याचा अर्थ खरा आकडा साडेचार ते साडेपाच टक्क्यांच्या दरम्यान आहे. म्हणजे वाढणीत ९० ते ११० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅममध्ये ३०० ते ३६७ मिलिग्रॅम. पहिला अंक ३ असलाच पाहिजे. चुणीमुळे ३ ची मोकळी बाजू मिटल्यासारखी दिसली व तो ८ वाचला गेला. पुढील अंक १ व ० हे स्पष्ट होते, म्हणून ३१०.

परंतु मधला अंकही अस्पष्ट असता तर ३१० की ३४० हे या रीतीने कळले नसते, कारण दोहोंचे टक्के ५ च येतात. अशा वेळी अंदाजाने अंक भरू नये. ‘३०० ते ३६७’ असे लिहावे किंवा पुडा उकलून पुन्हा छायाचित्र घ्यावे. पडताळणीने चूक उघडकीस येते. गेलेला अंक परत मिळेलच असे मात्र नाही.

टक्क्यांच्या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. एखाद्या तक्त्यातील प्रमाणांचा रकाना १०० ग्रॅमचा की वाढणीचा, हे मथळा कापला गेल्यामुळे समजत नसेल, तर स्निग्ध पदार्थांचा आकडा घ्यावा. प्रस्तुत पुड्यात २२ भागिले ६७ केल्यास ३३ टक्के येतात, छापील टक्के मात्र १० आहेत. १० म्हणजे ३३ च्या तीन दशांशाजवळ. आणि वाढणी ३० ग्रॅमची आहे. रकाना १०० ग्रॅमचाच आहे हे त्यावरून सिद्ध झाले. भागाकार थेट छापील टक्क्यांइतका आला असता तर रकाना वाढणीचा आहे असे ठरले असते.

शेवटी आतील भाग बाहेरच्यापेक्षा मोठा नाही ना, हे पाहावे. वरून घातलेली साखर एकूण साखरेहून, एकूण साखर कर्बोदकांहून, तसेच संपृक्त व ट्रान्स यांची बेरीज एकूण स्निग्ध पदार्थांहून अधिक असू शकत नाही. ओळी खालीवर सरकल्या असल्यास ही परीक्षा लगेच बोलते.

कोष्टक वापरताना

वाढणी किती धरावी हे कारखानदार ठरवितो. एकाने ३० ग्रॅम धरली व दुसऱ्याने २० ग्रॅम, तर दुसऱ्याचे सर्व टक्के आपोआप कमी दिसतात; पदार्थ तोच असला तरी. म्हणून दोन मालांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करावी. वाढणीचा रकाना खाणाऱ्यासाठी आहे, आणि तेथेही प्रत्यक्षात किती खाल्ले जाते ते पाहावे. शाळेतून आलेला मुलगा चार बिस्किटांवर थांबत नाही. संपूर्ण पुडा संपविल्यास वरून घातलेली साखर ३०.७५ ग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या दिवसाच्या प्रमाणाचे ६२ टक्के, व संपृक्त स्निग्ध पदार्थ १५ ग्रॅम, म्हणजे ६८ टक्के पोटात जातात. वेष्टनावर हेच आकडे १२ व १४ असे दिसत होते.

सोडियमच्या बाबतीत गटाने आपली कृती तपासताना केवळ मीठ मोजून भागत नाही. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतो. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम, तर एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम. मीठ चिमूटभरच घातले आहे असे म्हणत सोडा सढळ हाताने घातला, तर कोष्टकातील सोडियमचा आकडा खाली येत नाही.

दुसऱ्याच्या पुड्याचे कोष्टक कितीही अचूक उतरविले तरी ते आपल्या वेष्टनावर छापता येत नाही. ते त्या मालाचे आहे. स्वतःच्या बिस्किटांचे पृथक्करण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावे लागते. तथापि आपल्या कृतीचा पूर्वअंदाज वहीत करून पाहण्यास हरकत नाही, आणि या जिल्ह्यातील गटांना तसा मोह पडतो तो लोहाविषयी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने बाजरीचे जे लोहयुक्त संकर वाण दिले, त्यांच्या ‘एएचबी’ या नावातील पहिले अक्षर औरंगाबाद या शहराच्या पूर्वीच्या नावाचेच आहे. त्यांपैकी एएचबी १२०० एफई या वाणाच्या धान्यात लोहाचे प्रमाण दशलक्षांशी ७३ भाग, म्हणजे किलोला ७३ मिलिग्रॅम अथवा १०० ग्रॅमला ७.३ मिलिग्रॅम सांगितले आहे.

बिस्किटांच्या तयार वजनात या बाजरीचे पीठ ४० टक्के असेल, तर १०० ग्रॅम बिस्किटांत बाजरीचे लोह २.९ मिलिग्रॅम व ३० ग्रॅमच्या वाढणीत ०.८८ मिलिग्रॅम भरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दिवसाला २९ व पुरुषास १९ मिलिग्रॅम लोह हवे. म्हणजे चार बिस्किटांतून स्त्रीला ३ टक्के, पुरुषाला सुमारे साडेचार टक्के. एकाच बिस्किटाचे दोन टक्के निघाले. म्हणून लोहाच्या ओळीत दिवसाचे प्रमाण स्त्रीचे धरले की पुरुषाचे, हे कोष्टकातच लिहिले पाहिजे. शिवाय हा आकडा बियाण्याविषयीच्या माहितीवरून काढलेला आहे. जमिनीप्रमाणे धान्यातील लोह कमीअधिक होते, आणि बाजरीतील फायटिक आम्लामुळे जितके लोह खाल्ले तितके सर्व शरीराला लागत नाही. तेव्हा वहीत या ओळीपुढे ‘अंदाज’ असा शेरा लिहावा आणि पृथक्करणाचा अहवाल हाती आल्यावर तो आकडा खोडून अहवालातील आकडा भरावा.